उलटसुलट अक्षरं: वर ‘फळे’ लिहिलं की मुलगा न वाचताच उत्तर देतो

शब्दखुळी

मुलगा पहिलीत आहे. बाराखडी येते, साधे शब्द वाचतो, जोडाक्षरांशी अजून झटापट चालू आहे. वाचनाची गोडी लागावी म्हणून मी त्याला उलटसुलट अक्षरांचे खेळ करून देते. कागदावर वर गट लिहायचा, फळे किंवा प्राणी, आणि खाली अक्षरं विस्कटलेले शब्द. सध्याची फळांची यादी अशी आहे: आंबा, पेरू, चिकू, केळे, फणस, सफरचंद.

अडचण अशी की तो वाचतच नाही. ‘द र स चं फ’ लिहिलेलं दिसलं की माझं बोट तिथे पोचायच्या आत ‘सफरचंद’ म्हणून मोकळा. मी खूश व्हायचे. मग एकदा गटाचं नाव न लिहिता तेच शब्द दिले, तर ‘ण स फ’ पाशी बसून राहिला आणि शेवटी रडकुंडीला आला. म्हणजे गट दिला तर खेळ फुकट जातो आणि काढून घेतला तर खेळच होत नाही. मधला काही मार्ग आहे का? की या वयाला गट द्यायचाच नसतो?

गणिती_काका

सोपं आहे. दोन अक्षरांच्या शब्दाच्या मांडण्या २, तीनच्या ६, चारच्या २४, पाचच्या १२०. तुम्ही एकाच कागदावर २ पासून १२० पर्यंत सगळं एकत्र घातलं आहे. आधी दोन अक्षरी पक्के करा, मग तीन अक्षरी, चार अक्षरी दुसरीत गेल्यावर. गट द्या किंवा नका देऊ, अवघडपणा मांडण्यांच्या संख्येवर ठरतो.

उंटावरचा_शहाणा

काका, पण ताई म्हणताहेत की १२० वाला चुटकीसरशी सुटतो आणि ६ वाला रडवतो. गणिताला सांगा जरा.

पाटीपेन्सिल

बरीच वर्षं पहिली-दुसरीला शिकवते आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

गणिती_काकांचं गणित बरोबर आहे, पण मुलगा ते गणित करतच नाही. १२० मांडण्या कोणीच करून बघत नाही, मोठी माणसंही नाहीत. गट दिला की मूल अक्षरं फिरवत नाही, ते डोक्यातल्या फळांची यादी काढतं आणि समोरच्या अक्षरांशी ताडून बघतं. त्यामुळे अवघडपणा मांडण्यांवर नाही, तर त्या गटातली किती नावं या अक्षरांच्या जवळपास जातात यावर ठरतो. त्याला माहीत असलेलं पाच अक्षरी फळ एकच आहे. पाच अक्षरं दिसली की संपलं, वाचायचं काय?

आता तुमची यादी बघा. त्यातल्या प्रत्येक शब्दात असं किमान एक अक्षर आहे जे यादीतल्या दुसऱ्या कुठल्याच शब्दात नाही. ‘चं’ दिसला की सफरचंद, ‘ण’ दिसला की फणस, ‘बा’ दिसला की आंबा. तुमच्या मुलाने हे हेरलं आहे. तो आळशी नाही, कागदाने त्याला एका अक्षरात उत्तर दिलं तर त्याने बाकीची कशाला वाचावीत?

तेव्हा गट काढू नका, गटातले शब्द बदला. ज्यांची अक्षरं एकमेकांच्या पायात पाय घालतात असे शब्द एकत्र आणा. टरबूज आणि खरबूज एकाच कागदावर द्या. रामफळ आणि सीताफळ द्या. कलिंगड, करवंद आणि कवठ द्या.

शेवटचं त्रिकूट मी कसं वापरते ते सांगते. वर ‘फळे’ लिहायचं, खाली ‘ग ड क लिं’. मुलाची नजर ‘क’ वर जाते आणि तोंडातून बहुतेक वेळा आधी ‘करवंद’ निघतं. बरोबर की चूक मी सांगत नाही. अक्षरांच्या चिठ्ठ्या पुढे करते आणि म्हणते, लाव. तो ‘क’ लावतो, मग ‘र’ शोधतो. ‘र’ नाहीच. थांबतो. कोणी ‘कवठ’ म्हणालं तर चिठ्ठ्या चार आणि अक्षरं तीन, ‘व’ पण नाही. मग ‘लिं’ कडे बघतो, कारण तोच सगळ्यात चमत्कारिक दिसतो, आणि क नंतर लिं ठेवून बघितला की पुढचं आपोआप येतं. या सगळ्यात त्याने चारही अक्षरं वाचली. गट होता म्हणून तो अडकून पडला नाही आणि गटात तीन उमेदवार होते म्हणून नुसत्या अंदाजावर सुटलाही नाही.

माझा ठोकताळा असा: पहिलं अक्षर दिसल्यावर मुलाच्या डोक्यात दोन किंवा तीन नावं यायला हवीत. एकच आलं तर ते वाचन नाही, पाच-सहा आली तर ते दमतं.

शब्दखुळी

अरे बापरे, हे लक्षातच आलं नव्हतं. आत्ता यादी पुन्हा बघितली. पेरू, चिकू, आंबा, एकही अक्षर एकमेकांशी जुळत नाही.

पण दोन अक्षरी शब्दांचं काय? तिथे तर मांडणी उलटी करण्यापलीकडे काही नसतंच.

पाटीपेन्सिल

दोन अक्षरी मी पहिल्या दोन-चार दिवसांपुरतेच ठेवते, खेळ म्हणजे काय ते कळायला. त्यांच्यात एक खोड आहे. मूल शिकतं की ‘मागून पुढे वाचलं की उत्तर येतं’. मग तीन अक्षरी दिलं की तेच करतं. हे ओळखायला सोपं आहे: ‘र म ग’ दाखवा आणि ऐका. मूल ‘गमर’ म्हणालं तर ते उलटं वाचतं आहे. म्हणून तीन अक्षरी शब्द देताना सरळ उलटी मांडणी टाळावी. मगरसाठी ‘र ग म’ न देता ‘र म ग’ किंवा ‘ग म र’.

उंटावरचा_शहाणा

आणि ‘ग र म’ दिलं तर?

पाटीपेन्सिल

तेच लिहिणार होते. मगर आणि गरम यांची अक्षरं एकच. वर ‘प्राणी’ नसेल तर दोन्ही उत्तरं बरोबर. वर ‘प्राणी’ असेल तर उत्तर एकच, पण ‘ग र म’ या क्रमाने अक्षरं दिलीत तर मूल ‘गरम’ वाचतं आणि तिथेच थांबतं, कारण त्याच्या मते शब्द सापडला. वाचून झालेला अर्थपूर्ण शब्द मोडणं लहान मुलाला फार जड जातं.

असे शब्द बरेच आहेत. कान आणि नका. मका आणि काम. डास आणि सडा. पाल आणि लपा. तवा आणि वात. साप उलटा केला की पसा. गट लिहिण्याचा खरा उपयोग इथे आहे. ‘का म’ एवढंच लिहून ‘शब्द जुळवा’ म्हणालात तर मूल म्हणेल जुळलेलाच आहे, आणि त्याचं खरं आहे. वर ‘धान्ये’ लिहिलं की ‘काम’ हे उत्तर नाही एवढं त्याला कळतं आणि मग ते पुन्हा अक्षरांकडे वळतं. मी हे शब्द मुद्दाम देते, पण बऱ्याच नंतर. सुरुवातीला ते सापळ्यासारखे होतात.

आईची_धावपळ

धागा अगदी वेळेवर आला. माझी मुलगी सहा वर्षांची, शाळा इंग्रजी माध्यमाची, घरी मराठी. तिला ‘प्राणी’ म्हणून ‘गा ड लां’ दिलं. मिनिटभर बघत बसली, मग म्हणाली ‘गाडी?’. मी म्हटलं अगं प्राणी आहे. तर म्हणे ‘गाडीत बसलेला प्राणी?’. लांडगा हा शब्दच तिला माहीत नव्हता, वुल्फ माहीत होता. कासवाचंही तसंच, टर्टल. गट दिल्यावर तिच्या डोक्यात जी यादी येते ती निम्मी इंग्रजी असते. अशा मुलांना गटाचा काही उपयोग होतो का?

पाटीपेन्सिल

होतो, पण आधी तोंडी फेरी घ्यावी लागते. कागद काढायच्या आधी दोघींनी आळीपाळीने प्राण्यांची नावं सांगायची, मराठीत. तिने वुल्फ म्हटलं की तुम्ही ‘हो, लांडगा’ म्हणून पुढे जायचं, थांबून शिकवत बसायचं नाही. मग त्या फेरीत उच्चारलेल्या नावांतलेच शब्द कागदावर द्यायचे. जो शब्द मुलाने कानाने ऐकलेलाच नाही तो अक्षरांवरून जुळवता येत नाही. अक्षरं योग्य क्रमाने लावली तरी ‘हा शब्द आहे’ असं त्याला वाटणारच नाही. तुमच्या मुलीने ‘लांडगा’ असं बरोबर लावून पुन्हा मोडलं असेल तर आश्चर्य मानू नका.

‘गाडी’ चं मात्र मला कौतुक वाटलं. तिने गा आणि ड वाचले, डी नाही हे दुर्लक्षिलं. म्हणजे अक्षरं वाचते आहे, मात्रा सोडते आहे. ही वेगळी अडचण आहे आणि ती या खेळामुळे उघडी पडली.

आईची_धावपळ

हो! मोडलं होतं! ‘लां डगा’ म्हणाली आणि हसून पुन्हा विस्कटलं.

शब्दकोडे_प्रेमी

मी रोज वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवतो. माझ्या मते मुलांना उभे-आडवे शब्द द्यावेत, त्यात एक अक्षर दुसऱ्या शब्दाला मदत करतं. आणि इंग्रजीतून द्यायला काय हरकत आहे? तिथे अक्षरं सुटी असतात, काना-मात्रांची कटकट नाही.

उंटावरचा_शहाणा

इंग्रजीत फळांचा गट देऊन लेमनची अक्षरं विस्कटा. पोरगं मेलन म्हणेल. दोन्ही फळंच. आता करा न्याय.

शब्दकोडे_प्रेमी

खरंच की. पाचही अक्षरं तीच. हे मला कधी सुचलं नव्हतं.

पाटीपेन्सिल

शब्दकोडं हा वेगळा खेळ आहे, तिथे अर्थावरून शब्द शोधायचा असतो आणि अक्षरं हाताशी नसतात. पण काना-मात्रांचा मुद्दा चांगला निघाला. मराठीत आपण संपूर्ण अक्षर हलवतो, म्हणजे ‘लिं’ हा एकच तुकडा. त्याची वेलांटी आणि अनुस्वार कधीही वेगळे करायचे नाहीत. त्यामुळे आपल्याकडे तुकडे कमी आणि प्रत्येक तुकडा जास्त बोलका. इंग्रजीत फळाचं नाव बहुतेक पाच-सहा किंवा जास्त सुट्या अक्षरांचं होतं आणि नुसत्या व्यंजनाला उच्चार नसतो. आपल्याकडे मूल चिठ्ठी हातात घेऊन मोठ्याने म्हणू शकतं. म्हणायलाच लावावं. ‘ग, ड, क, लिं’ असं म्हणता म्हणता कधी कधी कानालाच शब्द सापडतो.

गणिती_काका

मान्य, मांडण्या कोणी मोजत नाही. पण मग संख्या अगदीच निरुपयोगी आहे असं म्हणू नका. उदाहरणार्थ अननस. चार अक्षरं, पण न दोनदा, म्हणून मांडण्या २४ नाहीत, १२ आहेत. पपई तीन अक्षरी असून मांडण्या तीनच. म्हणजे चुकीच्या दोनच. हे शब्द सोपे असणार ना?

पाटीपेन्सिल

पपई सोपी जाते हे खरं, पण कारण दुसरं आहे असं मला वाटतं. दोन सारख्या चिठ्ठ्या दिसल्या की मुलांना नाव पटकन आठवतं. बाकी अननसाला मुलं अडखळतात. दोन न एकत्र लावायचे हे त्यांना पटत नाही, दोघांच्या मध्ये काहीतरी घालतातच. ‘अ न स न’ हे मी पुष्कळदा बघितलं आहे.

संख्या उपयोगी पडते ती दुसऱ्या बाजूने. काही अक्षरं काही जागी येऊच शकत नाहीत आणि ते मुलांना दाखवता येतं. मराठीत ळ आणि ण ने शब्द सुरू होत नाही. नारळाच्या सहा मांडण्यांतल्या दोन ‘ळ’ ने सुरू होतात, त्या आधीच बाद. फणसाच्या ‘ण’ चंही तेच. अंजीर घ्या: अं हा सुटा स्वर आहे आणि असे स्वर बहुतेक शब्दाच्या आरंभी बसतात, म्हणून अं पहिला ठेवला की उरल्या दोनच मांडण्या, अंजीर आणि अंरजी. पपईचा ई शेवटी येतो, म्हणून हा नियम नाही, सुगावा आहे. पण दुसरीतल्या मुलांना हा सुगावा फार आवडतो. ‘बाई, ळ पहिला नसतो!’ असं ओरडून सांगतात.

हत्तीच्या त्ती चंही तसंच. लोकांना वाटतं जोडाक्षर असलेला शब्द या खेळात अवघड. वाचायला अवघड खरा, पण जागा ओळखायला सोपा, कारण त्ती ने सुरू होणारा शब्द मुलाने कधी ऐकलेलाच नसतो.

कळफलक

मी या खेळाचं छोटं ॲप करतो आहे भाचीसाठी, तिथला अनुभव. संगणकाला ‘केळे’ सरळ विस्कटायला सांगितलं तर तो क, मात्रा, ळ, मात्रा असे चार तुकडे करतो आणि मात्रा एकटीच पहिल्या जागी येऊन तुटक वर्तुळावर बसलेली दिसते. पाटीपेन्सिल म्हणतात तसा अख्खा तुकडा हलायला हवा असेल तर आधी अक्षरं वेगळी करावी लागतात. माझ्याकडे हे चालतं:

```python
import re, random
akshar = re.compile(
    r'(?:[\u0915-\u0939]\u094D)*[\u0904-\u0939]'
    r'[\u0901-\u0903\u093E-\u094C]*')

def jumble(shabd):
    a = akshar.findall(shabd)
    b = a[:]
    while b == a:
        random.shuffle(b)
    return ' '.join(b)
```

हत्तीचे ‘ह’ आणि ‘त्ती’ असे दोनच तुकडे होतात. `while` ची ओळ मुद्दाम घातली, कारण नुसतं विस्कटलं तर अधूनमधून मूळ शब्दच परत येतो. पपईच्या बाबतीत तर सरासरी तीनदा विस्कटलं की एकदा ‘पपई’च. दोन मर्यादा: ‘मामा’ सारखा, सगळी अक्षरं सारखी असलेला शब्द दिला तर ही ओळ कायमची फिरत राहते, आणि ‘ॲ’ ने सुरू होणारे शब्द यात नीट येत नाहीत. ‘गरम’ सारखे खरे शब्द टाळायला टाळायच्या शब्दांची यादी वेगळी ठेवावी लागेल, ती हातानेच.

उंटावरचा_शहाणा

भाचीला सहा वर्षांची असतानाच ॲप? आमच्या वेळी चिठ्ठ्या होत्या.

कळफलक

चिठ्ठ्या मी पण करतो. ॲप फक्त शब्द विस्कटून देतं, कागदावर मीच उतरवतो.

शब्दखुळी

काल टरबूज-खरबूज करून बघितलं. ‘बू ख ज र’ दिलं. पटकन ‘टरबूज!’ म्हणाला. चिठ्ठ्या लाव म्हटलं. ट शोधला, सापडला नाही, आणि मला म्हणे ‘आई, तू ट द्यायला विसरलीस’. 😄 मग ‘ख’ हातात घेऊन बराच वेळ बघत होता. खरबूज त्याने खाल्लं आहे, पण नाव आठवायला वेळ लागला. पण वाचलं त्याने! प्रत्येक अक्षर.

एक शंका. आता तो प्रत्येक वेळी ‘एखादं अक्षर चुकलंय’ असंच म्हणत राहिला तर?

पाटीपेन्सिल

तर त्याचाच खेळ करा. एक अक्षर जास्तीचं घाला आणि आधीच सांगून टाका: यात एक अक्षर उपरं आहे, फळ जुळव आणि उपरं कोण ते सांग. ‘ण बो स फ’. फणस लागला की बो उरतो. पुढचं ‘ई प र प’. पपई लागली की र उरतो. उरलेली दोन जवळ ठेवली की बोर. मुलांना ही शेवटची चिठ्ठी लावताना जे काही वाटतं ते बघण्यासारखं असतं.

याचा फायदा असा की नुसता अंदाज पुरत नाही. ‘ण’ बघून फणस म्हटलं तरी कुठलं अक्षर उरलं हे सांगायला बाकीची वाचावीच लागतात. मूल अंदाज करतंय की वाचतंय हे तपासायची माझी आवडती रीत हीच. उत्तर बरोबर आणि उपरं अक्षर चुकीचं आलं, तर ते गटावरून बोलतंय.

जास्तीचं अक्षर निवडताना एक बघा: त्याने दुसरं फळ बनता कामा नये. ‘र बू ज’ मध्ये ट आणि ख दोन्ही घातलेत तर टरबूजही बरोबर आणि खरबूजही बरोबर.

संध्याकाळची_आजी

मी नातवंडांना हा खेळ शिकवते, पण माझी रीत उलटी. गट आधी सांगतच नाही. अक्षरं देते, झगडू देते, आणि अडलं की मग म्हणते ‘प्राणी आहे हं’. गट आधी सांगितला की मुलं डोक्यात शोधतात, अक्षरात शोधत नाहीत. नंतर सांगितला की तोवर अक्षरं वाचून झालेली असतात आणि मग गट कळल्यावर चेहरा उजळतो. पाटीपेन्सिलताई म्हणतात तितकी शब्दांची जुळवाजुळव मग करावी लागत नाही.

पाटीपेन्सिल

आजी, ज्यांचं वाचन बऱ्यापैकी सुरू झालं आहे त्यांना हे छान लागू पडतं. पण शब्दखुळींचा मुलगा गटाशिवाय रडकुंडीला आला होता. जे मूल अजून अक्षरागणिक वाचतं त्याच्या डोक्यात ‘ण स फ’ पासून काहीच उठत नाही. झगडतानाची पहिली दोन मिनिटं त्याला कशाचाच आधार नसतो. मी गट आधी देते आणि गटातली स्पर्धा वाढवते.

संध्याकाळची_आजी

दोन मिनिटं आधार नसला तर काय बिघडतं? माझा धाकटा नातू पण असाच अक्षरागणिक वाचतो, तो चिठ्ठ्या फिरवत बसतो मजेत. मात्र मी कागदावर कधी देत नाही, चिठ्ठ्याच देते. कागदावर लिहिलेलं हलवता येत नाही म्हणून मुलं रडतात, गट नसतो म्हणून नाही, असं माझं मत.

पाटीपेन्सिल

हं. याला माझ्याकडे लगेच उत्तर नाही. मी गट आणि चिठ्ठ्या दोन्ही एकदमच देत आले, त्यामुळे कशाचा परिणाम किती ते वेगळं सांगता येणार नाही.

गणिती_काका

शब्दखुळी, तुम्हीच करून बघा की. एक दिवस चिठ्ठ्या आणि गट नाही, एक दिवस कागद आणि गट आहे. शब्द सारख्याच तोलाचे घ्या.

आईची_धावपळ

माझा अजून एक प्रश्न. गट नक्की कोणाचा? मी ‘प्राणी’ लिहून खाली ‘द क ब’ दिलं. मुलगी म्हणाली हे उत्तर नसणार, बदक पक्षी आहे. जुळवलं होतं तिने! पण गटात बसत नाही म्हणून खोडून टाकलं.

उंटावरचा_शहाणा

पोरगी बरोबर आहे, आई चूक आहे.

शब्दकोडे_प्रेमी

शास्त्रानुसार पक्षी हे प्राणीच.

पाटीपेन्सिल

शास्त्राचं इथे काम नाही, मूल गट कसा पाडतं त्याला महत्त्व आहे. या वयात प्राणी म्हणजे बहुधा चार पायांचे. पक्षी वेगळे, किडे वेगळे, मासा तर कुठेच नाही. टोमॅटो फळात घातलात तर पहिलीतलं मूल शोधणारच नाही तिकडे. नारळाबद्दलही वर्गात दरवेळी वाद होतो. तेव्हा सीमेवरचे शब्द टाळा, किंवा गटाचं नावच बारीक करा: ‘पाण्यात राहणारे’, ‘पंख असलेले’, ‘साल सोलून खायची फळे’. बारीक गटाने उमेदवार कमी होतात, म्हणून असा गट लांब शब्दांना लावा. कावळा, चिमणी, पोपट यांना ‘पंख असलेले’ चालेल. मोराला तो लावला तर दोन अक्षरी शब्दात शोधायला काही उरतच नाही.

शब्दखुळी

केळे की केळं, संत्रे की संत्रं, यातलं कागदावर काय लिहू? घरी आम्ही केळं म्हणतो. ‘ळे के’ दिलं की तो जुळवतो आणि म्हणतो ‘हे चुकीचं लिहिलंय’.

संध्याकाळची_आजी

जे बोलतो तेच लिहा. कानाला जे माहीत तेच डोळ्याला सापडतं.

पाटीपेन्सिल

पुस्तकात केळे आहे आणि शाळेत तेच वाचायला येणार, म्हणून मी पुस्तकातलं घेते, पण तोंडी फेरीत दोन्ही म्हणून घेते. आजींचंही पटतं. सुरुवातीला ज्यांचं बोललेलं आणि लिहिलेलं एकच आहे असेच शब्द घेतले तर हा प्रश्न पुढे ढकलता येतो. फणस, कलिंगड, अंजीर, करवंद, डाळिंब.

शब्दखुळी

चला, उद्याचा कागद ठरला. माफ करा, चिठ्ठ्या. गट फळे: ‘ड ग लिं क’, ‘वं र द क’, ‘ठ क व’, आणि उपऱ्या अक्षराचा एक: ‘ब र डा ळिं’.

उंटावरचा_शहाणा

ताई, पाच अक्षरी फळ एकच नाही बरं का. ड्रॅगनफ्रूट. ड्रॅ, ग, न, फ्रू, ट. घाला सफरचंदाशेजारी.

गणिती_काका

मांडण्या १२०. 😊

आईची_धावपळ

हे माझ्या मुलीला पहिल्या फटक्यात येईल, लांडगा नाही येणार. 🙈

पाटीपेन्सिल

शहाणे, घालून बघायला हरकत नाही, पण ‘ड्रॅ’ आणि ‘फ्रू’ बघताच कळेल की सफरचंद नाही. एकही अक्षर सामाईक नाही. पाच अक्षरी जोडी हवी तर दोघांत दोन-तीन अक्षरं तरी एकच असलेली शोधा. मला अजून सापडलेली नाही. कोणाला माहीत असेल तर लिहा.